शिवी की शाप? पटकी, मेल्या आणि डच भाषेतला कॅन्सर

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. बांधावरून भांडण झालं म्हणून एक शेतकरी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात आला होता. मी तिथे रोजच्या बातम्यांसाठी बसलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने भांडणात शिवी दिली, अशी त्याची तक्रार होती. हवालदाराने सवयीने विचारलं, "काय शिवी दिली? आई-बहिणीवरून?" तो म्हणाला, "नाही साहेब. म्हणाली, तुझ्या घरात कॅन्सर शिरो." हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मग ही शिवी कुठे झाली?"

त्या माणसाची बायको तेव्हा मुंबईला कॅन्सरच्याच उपचारासाठी होती. गावात सगळ्यांना माहीत होतं. बाईलाही माहीत होतं.

शेवटी अदखलपात्र नोंद झाली. तिच्यात नेहमीचं वाक्य आलं, "अश्लील शिवीगाळ व दमदाटी केली." मी बातमीत तेच उचललं. दुसऱ्या दिवशी बाईचा मुलगा कार्यालयात हजर. "माझ्या आईने जन्मात अश्लील शब्द उच्चारला नाही, तुम्ही पेपरात काय छापलंत?" त्याचं बरोबर होतं. संध्याकाळी तक्रारदार भेटला, तो म्हणाला, "तिने आईवरून शिवी दिली असती तर मी ठाण्यात गेलोच नसतो." त्याचंही बरोबर होतं. चुकलो होतो हवालदार आणि मी. आम्ही दोघांनी मिळून एका वाक्याचं चुकीचं भाषांतर केलं होतं. सर्वांत वाईट शब्द म्हणजे लैंगिकच असणार, हे आम्ही गृहीत धरलं होतं.

हे सगळं आठवायचं कारण माझा एक मित्र. तो पुण्यात बसून परदेशी मालिकांची मराठी सबटायटल्स करतो. मध्यंतरी त्याच्याकडे नेदरलँड्सची एक मालिका आली. त्याला डच येत नाही. या धंद्यात बहुतेक वेळा मूळ भाषेवरून काम होतच नाही. आधी कुणीतरी इंग्रजी फाइल बनवतं, आणि तिच्यावरून जगभरच्या भाषा होतात. तर एका प्रसंगात दोन भाऊ भांडतात, धाकटा थोरल्याला इंग्रजीतली नेहमीची चार अक्षरी शिवी देतो, मित्राने तिथे मराठीतली आईवरची शिवी थोडी सौम्य करून टाकली. पण पुढे काय होतं, तर टेबलावर बसलेली त्यांची आई एकदम गप्प होते, ताट सरकवते आणि उठून जाते. धाकटा तिच्या मागे माफी मागत धावतो. मित्राला कळेना. याच पोराने आधीच्या दोन भागांत चाळीस शिव्या दिल्या, तेव्हा ही बाई हसत होती. आता काय झालं?

त्याने मूळ संवाद ऐकून एका डच येणाऱ्या बाईंना विचारला. शब्द होता "कांकरलैयर". कांकर म्हणजे कॅन्सर, लैयर म्हणजे भोगणारा. कॅन्सरने पिडलेला, कॅन्सऱ्या म्हणा. आणि त्या घरातला बाप पहिल्याच भागात कॅन्सरने गेलेला होता. इंग्रजी फाइल करणाऱ्याने आजार काढून तिथे संभोग घातला, आणि प्रसंगाचा कणाच मोडला.

मी तेव्हापासून या डच शिव्यांच्या मागे लागलो. हाती जे लागलं ते सांगतो, कारण त्यात आपलंही बरंच सापडतं.

डच माणूस चिडला की समोरच्याला रोग देतो. वाक्याचा साचा ठरलेला आहे. "क्रैख दे..." म्हणजे "तुला होवो...", आणि पुढे आजार. "क्रैख दे टेरिंग", तुला क्षय होवो. "क्रैख दे क्लेरे", तुला कॉलरा होवो. क्लेरे हे कॉलऱ्याचंच बोलीतलं झिजलेलं रूप. "क्रैख दे टीफस", टायफॉइड होवो. "क्रैख दे पोकन", देवीचा रोग होवो. हीच नावं मग विशेषण म्हणूनही लागतात. पावसाची रिपरिप लागली की "पोकनवेर", म्हणजे देवीच्या रोगासारखी भिकार हवा. आणि "निघ इथून" म्हणायला टायफॉइडचं चक्क क्रियापद केलंय.

एवढंच नाही. प्लेगला त्यांचा शब्द "पेस्ट". त्यावरून "पेस्टन" म्हणजे छळणं, आणि शाळेत लहान मुलांना त्रास देणाऱ्या पोराला "पेस्टकॉप", प्लेगडोक्या. हा शब्द आज तिथल्या शाळेतल्या बाई वर्गात बोलतात, कुणाला त्यात प्लेग दिसत नाही. "फसवणं" या अर्थाचा एक रोजचा शब्द लाझारस या नावावरून आलाय. बायबलमधला लाझारस कुष्ठरोग्यांचा संत मानला गेला, त्यामुळे मुळात तो शब्द कुष्ठाचा.

म्हणजे ही भाषा उकरत गेलं की युरोपातल्या साथींचे थर लागतात. सर्वांत खाली कुष्ठ आणि प्लेग, त्यावर देवी, मग एकोणिसाव्या शतकातला कॉलरा, टायफॉइड आणि क्षय, आणि अगदी वर कॅन्सर. नेदरलँड्समध्ये कॉलरा 1832 साली पोचला. पुढे 1848-49 आणि 1866 मध्ये मोठ्या लाटा आल्या, त्यातल्या प्रत्येक लाटेत वीस हजारांच्या आसपास माणसं गेली. तेवढ्याशा देशात ही फार मोठी संख्या. शहरं कालव्यांची, पाणी तेच प्यायचं, तेच वापरायचं. अशा ठिकाणी "तुला कॉलरा होवो" हे नुसतं बोलणं राहत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी गेलेला लोकांनी पाहिलेला होता.

आता या थरांचा एक नियम दिसतो, आणि भाषांतर करणाऱ्याने तो आधी समजून घ्यायला हवा. रोगाचा धाक गेला की शिवीतलं विष उतरतं. देवीचा रोग जगातून गेला, जागतिक आरोग्य संघटनेने 1980 साली तसं जाहीर केलं. आज डच भाषेत "पोकन" हा चिडचिडीचा किरकोळ शब्द आहे. क्षयावर औषधं आली, "टेरिंग" थोडा खाली आला, पण अजून सभ्य नाही. कॉलरा तिथे कुणी पाहिलेला नाही, "क्लेरे" आजोबांच्या तोंडी शोभतो. कॅन्सर मात्र आजही घरोघरी आहे, तिथल्या मृत्यूंचं ते सर्वांत मोठं कारण आहे. म्हणून "कांकर" सर्वांत जहाल. तिथली तरुण पोरं "फार भारी" म्हणायलाही तो शब्द लावतात, आणि शेजारी बसलेल्या प्रवाशाचा चेहरा पडतो. त्याच्या घरात कुणीतरी आजारी असण्याची शक्यता दांडगी असते.

गंमत म्हणजे तिथे 1917 पासून शिव्यांविरुद्ध काम करणारी एक संस्था आहे. रेल्वे स्टेशनांवर तिची पोस्टरं लागायची, पोपटाचं चित्र असलेलं पोस्टर तर प्रसिद्धच आहे. शिवी ही शिकलेली सवय आहे, पोपटपंची करू नका, असा त्याचा आशय. ही संस्था धार्मिक ख्रिस्ती लोकांनी काढली, आणि त्यांचा मुख्य राग देवाचं नाव घेऊन दिलेल्या शिव्यांवर. म्हणजे एकाच देशात दोन मोजपट्ट्या. देवभक्त घरात देवाचं नाव वापरणं सर्वांत वाईट, बाकीच्यांना कॅन्सर सर्वांत वाईट. बोलणारं पात्र कोण आणि ऐकणारं कोण, हे कळल्याशिवाय शब्दाचं वजन ठरत नाही.

धर्माच्या शिव्यांचं टोक पाहायचं तर कॅनडातलं क्वेबेक. तिथे फ्रेंच बोलतात, आणि सर्वांत जहाल शब्द म्हणजे चर्चच्या वेदीवरच्या वस्तू. प्रसादाची पेटी, पेला, प्रसादाची चकती. शाळा, दवाखाने, लग्न, मुलं किती व्हावीत इथपर्यंत चर्चची सत्ता होती, ती 1960 च्या दशकात ओसरली. सत्ता गेली, शब्द राहिले. पॅरिसच्या माणसाला त्याच शब्दांत शिवी दिसतच नाही, नुसती भांड्यांची यादी दिसते. भाषा एक, शब्द एक, आणि तरी भाषांतर लागतं.

असो, डचकडे येतो. मित्रासमोरचा प्रश्न हा की मराठीत काय लिहायचं?

आधी मला वाटलं, आपल्याकडे असलं काही नाही. आपल्या शिव्या आई-बहिणीवरच्या. मग आजी आठवली. माझी आजी आई-बहिणीवरून एक अक्षर बोलायची नाही, पण कोंबडं उधळलं तरी म्हणायची, "पटकी लागली मेल्याला." पटकी म्हणजे कॉलरा. "तुझा मुडदा बशिवला." "मरीआईनं न्यावं तुला." गावाबाहेर मरीआईचं देऊळ असतं ना, ती पटकीची देवी. साथ आली की तिचा गाडा वाजतगाजत शिवेपार, पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचे. आणि "मेल्या" हा शब्द तर आपण इतका वापरतो की त्यात मेलेला माणूस आहे हेच विसरतो.

म्हणजे डच साचा आपल्याकडे जसाच्या तसा आहे. "क्रैख दे क्लेरे" आणि "पटकी लागो". "पोकनवेर" आणि "मेला पाऊस". इंग्रजीकडे आज हा साचा जिवंत नाही, म्हणून इंग्रजी भाषांतरकार रोग टाकून संभोग घालतो. मराठीला तसं करायची गरजच नाही. आपल्याकडे फक्त एक फरक आहे. आपण त्याला शिवी म्हणत नाही, शाप म्हणतो. शिवी समोरच्याला काहीतरी ठरवते. शाप त्याचं काहीतरी व्हावं असं मागतो. माझ्या हवालदाराला "शिवी कुठे झाली?" असं वाटलं, ते यामुळेच.

पण थांबा. साचा जुळला म्हणून शब्द जुळतात असं नाही. आम्ही दोघांनी एक रविवार बसून शब्द एकेक करून लावून पाहिले.

क्लेरे आणि पटकी, ही जोडी उत्तम. रोग एकच, त्याचा धाक दोन्हीकडे ओसरला, दोन्ही शब्द म्हाताऱ्यांचे, दोन्हीत राग आहे पण थोडं हसूही आहे. मात्र पात्र तरुण आणि शहरी असेल तर पटकी घालून चालणार नाही. ॲमस्टरडॅमचा पोरगा एकदम आपल्या आजीसारखा बोलायला लागेल.

टेरिंग आणि क्षय, इथे एक योगायोग आहे. डच शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ झिजणं, खर्ची पडणं. आपला क्षयही तोच. पण मराठीत क्षयाचा शाप कधी रुजला नाही. "तुला टीबी होवो" हे ऐकून मराठी माणूस गोंधळेल, दुखावणार नाही. शिवाय टेरिंगमध्ये एक खड्डा आहे. डचमध्ये एक जुनी म्हण आहे, टेरिंग आपल्या धंद्याच्या मापाने ठेव. इथे टेरिंग म्हणजे खर्च. क्षयाचा काही संबंध नाही. आपली "अंथरूण पाहून पाय पसरावेत" ती हीच. शिव्यांची यादी पाठ करून बसलेला भाषांतरकार इथे हमखास पडतो. बाप मुलाला काटकसर शिकवत असतो आणि सबटायटलमध्ये तो त्याला शिवी देतो.

पोकन, म्हणजे देवी, हा सर्वांत मोठा सापळा. आपण या रोगाला देवीच म्हणतो. लस टोचणं म्हणजे "देवी काढणं". रोगाला देवी मानलं, म्हणून त्याच्या नावाने शिवी देणं अवघड. आणि "तुला देवी येवो" असं सरळ भाषांतर केलं तर मराठी वाचक काय समजेल? अंगात देवी येवो. म्हणजे शाप राहिला बाजूला, तो जवळजवळ आशीर्वाद झाला. इथे रोग सोडून द्यावा आणि "मेला", "मुडदा" यावर काम भागवावं, हेच बरं. तसाही पोकन आज सौम्यच आहे.

रोगाची नावं भाषांतरात कशी वाकडी होतात त्याचा एक जुना दाखला आपल्याच किनाऱ्यावरचा आहे. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. त्याचं औषधींवरचं पुस्तक गोव्यातच 1563 साली छापलं गेलं. त्यात जीवघेण्या हगवण-ओकारीच्या रोगाचं वर्णन आहे आणि इथलं नावही दिलेलं आहे. आपला कोकणी-मराठी "मोडशी" तो. पोर्तुगिजांनी त्याचं "मोर्देशी" केलं. फ्रेंचांच्या कानाला ते "मॉर द शियँ" असं लागलं, ज्याचा त्यांच्या भाषेत अर्थ होतो कुत्र्याचं मरण. आणि ते तसंच लिहू लागले. मोडशीत ना कुत्रं होतं ना मरण. ऐकणाऱ्याने आपली भीती त्यात भरली. आज आपल्याकडे मोडशी म्हणजे पोट बिघडणं, सुंठ-ओवा घेतला की बरं वाटतं. तोच नियम, धाक गेला आणि शब्द मवाळ झाला.

आता राहिला कांकर. त्या प्रसंगातला शब्द.

"कांकरलैयर" या घडणीला मराठीत नेमकी जोड आहे, आणि तीच वापरायची नाही असं आमचं ठरलं. ती म्हणजे "महारोग्या". रोग भोगणाऱ्याचं नावच शिवी. घडण तीच, विष तेच. पण डच शब्द कॅन्सरच्या घरावर घाव घालतो आणि हा कुष्ठाच्या. दृश्यात कुष्ठ कुठेही नाही, त्या आईचं उठून जाणं त्याने समजणार नाहीच. वर ज्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर दिवस काढले त्यांच्यावर फुकटचा वार होईल. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात 2019 पर्यंत होतं, हे विसरू नका. त्या रोगाचा धाक वैद्यकाने कधीच घालवला, माणसांनी नाही. म्हणून तो शब्द अजून उतरलेला नाही.

मग सरळ "कॅन्सर" लिहायचा? मराठीत कॅन्सर ही शिवी नाही, पण तो शब्द आपण टाळतो. "त्यांना तो आजार झालाय", "गाठ निघाली", असं हळू आवाजात बोलतो. पेपरात निधनाच्या बातमीत मी स्वतः वर्षानुवर्षं "दीर्घ आजाराने" लिहिलंय. म्हणजे शब्दावर बंदी आहे, फक्त ती शिवीची नाही, दबक्या आवाजाची आहे. तो मोठ्याने उच्चारला की घर गप्प होतं. प्रसंगाला नेमकं तेच हवं होतं.

सबटायटलला जागा दोन ओळींची, तळटीप देता येत नाही, वाचायला दोन-तीन सेकंद. मित्राने आधी लिहिलं, "कॅन्सऱ्या साला!" ते खोटं वाटलं, मराठीत असं कुणी बोलत नाही. मग लिहिलं, "तुलाही कॅन्सर होवो!" त्यातला "ही" महत्त्वाचा. आईच्या कानावर तो पडतो, बापाचं मरण त्या एका अक्षरात येतं, आणि तिचं उठून जाणं समजतं. विशेषणाचा शाप झाला, व्याकरण बदललं, पण घाव जिथे बसायचा तिथे बसला. त्याच मालिकेत पोरं नुसती वैतागून "कांकर" म्हणतात, तिथे त्याने कॅन्सर ठेवला नाही. तिथे "च्यायला" पुरतं. एकच डच शब्द, मराठीत दोन. सरसकट एकच प्रतिशब्द ठेवला असता तर मराठी प्रेक्षकाला ही पोरं राक्षस वाटली असती.

याला एक मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. डच प्रेक्षक तो शब्द ऐकतो तेव्हा त्याला दोन गोष्टी एकदम कळतात. ही नेहमीची शिवी आहे, आणि ती या घरात द्यायला नको होती. पोरगा सवयीने बोलून गेला, त्याला बाप आठवलाही नव्हता, म्हणून तर तो माफी मागत धावतो. मराठीत पहिली गोष्ट हरवते. आमचा धाकटा मुद्दाम क्रूर झाल्यासारखा दिसतो. हे आम्हाला सोडवता आलं नाही. मित्राने तसं कंपनीला कळवून फाइल दिली.

शेवटी परत पोलीस ठाण्यात. तेव्हाचं भादंवि कलम 294 अश्लील शब्दांचं होतं, 504 शांतता बिघडेल असा अपमान करण्याचं. आता न्याय संहितेत ती 296 आणि 352 झाली आहेत. त्या बाईचं बोलणं अश्लील नव्हतंच, फार तर अपमानात बसलं असतं. नोंदीत "अश्लील" लिहून आम्ही तिच्यावर जे तिने केलं नाही ते लादलं, आणि जे केलं ते कागदावरून गायब केलं. त्या शेतकऱ्याला नेमकं काय लागलं होतं, ते आजही त्या नोंदीत सापडणार नाही.

त्यानंतर मी एक नियम पाळतो. पोलीस नोंदीत "अश्लील शिवीगाळ" दिसलं की फोन करून विचारतो, नेमकं काय बोलले? निम्म्या वेळा ते अश्लील नसतं. कुणाची जात काढलेली असते, कुणाचा आजार, कुणाचं वांझपण, कुणाच्या मेलेल्या पोराचं नाव. शब्द छापता येत नाही तेव्हा निदान जात लिहितो की आजार, एवढं तरी खरं लिहितो.

तुमच्या भागात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून कोणत्या रोगाचे शाप आहेत, ते खाली लिहा. पटकी, मरीआई माझ्याकडे आहेत. वऱ्हाड, खानदेश आणि कोकणातले हवे आहेत. म्हातारी माणसं गेली की हे शब्दही जातील, आणि कोणत्या साथीने आपल्याला किती घाबरवलं होतं याचा हा कुणीच न लिहिलेला कागद त्यांच्यासोबत जाईल.